तोळे मोजण्याआधी घडणावळ विचारा
मुलीच्या दागिन्यांचं बजेट मांडताना सोन्याच्या भावाइतकीच घडणावळ बघा. चार तोळ्यांच्या, म्हणजे 40 ग्रॅमच्या राणीहारावर 15 टक्के घडणावळ लागली, तर 6 ग्रॅम सोन्याचे पैसे मजुरीत गेले. वर 3 टक्के जीएसटी. मोडताना यातलं काही परत मिळत नाही आणि असा भारी हार लग्नानंतर बहुतेक लॉकरमध्येच पडतो. म्हणून मोठी रक्कम पाटल्या, तुशी, मोहनमाळ यांत घाला. सणावाराला त्या हमखास निघतात. हिरा कुड्या नि अंगठीपुरताच घ्या, कारण विकताना त्याला सोन्यासारखा भाव येत नाही. गळा भरून दिसायला मोत्यांची चिंचपेटी छान शोभते. बिलात खड्यांचं वजन सोन्यातून वजा झालंय ना, हे दुकानातच तपासा.