मोठ्या संख्येतील अंक मोजताना या चुका टाळा

एखाद्या संख्येत किती अंक आहेत हे काढण्यासाठी तिचा १० पायाचा लॉग घ्यावा, दशांश चिन्हापुढचा भाग सोडून द्यावा आणि उरलेल्या पूर्णांकात १ मिळवावा. रीत एवढीच आहे. तरीही सोलापुरातल्या माझ्या शिकवणीत दरवर्षी अकरावीची मुले याच ठिकाणी अडखळतात, आणि बहुतेक वेळा कारण उतावीळपणा हेच असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे लॉगची किंमत आधीच तोडणे. २ चा लॉग ०.३ धरला, तर २ च्या १००० व्या घातात ३०१ अंक येतात, ०.३०१०३ धरला, तर ३०१.०३ मिळून ३०२ येतात, आणि ३०२ हेच बरोबर आहे. घात जितका मोठा, तितकी तोडलेल्या दशांशाची चूक फुगते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर झाली, तेव्हा वर्गात मी तिचेच उदाहरण घातले. ही संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. एका विद्यार्थ्याने चार स्थळांच्या लॉग टेबलमधून ०.३०१० घेऊन ४,१०,२०,२३३ अंक काढले, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा ४,०८७ कमी. दुसरीने ०.३०१०३ घेतले, तिला ४,१०,२४,३२०.५४ मिळाले, म्हणून तिने ४,१०,२४,३२१ अंक सांगितले. हे उत्तर एकानेच चुकले होते, पण अंक मोजायला बसलेल्याला एकाची चूकही परवडत नाही. दहा दशांश स्थळे घेऊन ०.३०१०२९९९५७ ने गुणल्यावर ४,१०,२४,३१९.९५ आले आणि अंक ठरले ४,१०,२४,३२०.

तेव्हापासून मी गुणाकाराआधी वहीच्या समासात एक हिशेब करून घेतो. लॉगच्या शेवटच्या स्थळातील अर्ध्या एककाला घाताने गुणावे. वरच्या उदाहरणात दहा स्थळांना ही शक्य चूक सुमारे ०.००७ येते आणि उत्तर जवळच्या पूर्णांकापासून ०.०५ दूर आहे, म्हणून ते ग्राह्य धरता येते. पाच स्थळांना हीच चूक ६८१ पर्यंत जाऊ शकते. तिथे उत्तर लिहूच नये, आणखी स्थळे शोधावीत.

अपूर्णांक पाहून थेट वरचा पूर्णांक घेण्याची पळवाटही मला मान्य नाही, कारण १०,००,००० चा लॉग नेमका ६ आहे आणि अंक मात्र ७ आहेत.

कॅल्क्युलेटरवर log ऐवजी ln दाबले, तर उत्तर सुमारे २.३ पट येते.

राहिला तो ‘वजा १’. मुले तो न विचारताच गाळतात. २ च्या कोणत्याही घाताचा शेवटचा अंक शून्य नसतो, म्हणून १ वजा केल्याने फक्त तो शेवटचा अंक बदलतो आणि अंकांची संख्या तीच राहते. हे एक वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिलेले नसेल, तर मी गुण कापतो.