गोल गळा सपाट बसवायचा असेल तर माया अशी कापा

आखाजी जवळ आली की धुळ्यात माझ्याकडे माहेरी येणाऱ्या लेकींच्या ब्लाउजची रांग लागते. त्यात दुसरीकडून शिवून आलेले, गळा उभा राहणारे ब्लाउजही असतात. बहुतेकांत चूक एकच: पट्टी नीट लावलेली, पण आतली माया तशीच ठेवलेली.

पट्टी सुलट बाजूवर ठेवून गळ्याच्या गोलाईला टीप मारा. टाका बारीक ठेवा, दोन मिलिमीटरचा.

आता कात्री. "चार काप मारले की झालं" हा सल्ला मला चालत नाही. गळ्याचा अर्धगोल नऊ सेंटिमीटर त्रिज्येचा आणि माया एक सेंटिमीटर धरा. मायेची कड सुमारे २५ सेंटिमीटर भरते. पट्टी आत उलटली की तीच कड मोठ्या गोलावर जाते आणि तिला ३१ सेंटिमीटर पसरावं लागतं. सहा सेंटिमीटर कमी पडतात, म्हणूनच गळा ओढला जातो. माया छाटून अर्धा सेंटिमीटर केली की तूट निम्मी होते. म्हणून आधी छाटा, मग काप द्या. पट्टीची माया ब्लाउजच्या मायेपेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे कड जाड दिसत नाही.

काप टिपेपासून एक-दीड मिलिमीटरवर थांबला पाहिजे. मी सुरुवातीला भीतीने अर्ध्यातच थांबायचे आणि गळ्याला खळगे पडायचे. मग एका नवरीच्या रेशमी ब्लाउजवर धीर केला आणि टीपच कापली! अर्धी रात्र उसवण्यात गेली. तेव्हापासून कात्रीचं फक्त टोक वापरते, पातं पूर्ण मिटत नाही. खोल गोलाईत एकेक सेंटिमीटरवर काप द्या, खांद्याकडे सरळ भागात दीड-दोनवर. दोन्ही थर एकदम कापू नका. वरचा काप खालच्या दोन कापांच्या मधे येऊ द्या, नाहीतर त्या जागी कड कमकुवत होते. रेशमासारख्या उसवणाऱ्या कापडाला तिरका काप द्या.

उलटून बघा. कुठे खळगा दिसला तर तिथला काप उथळ आहे. इस्त्रीने तो जाणार नाही, काप वाढवा. टीप कापली गेली असेल तर आतून चिकट बकरमचा तुकडा लावून दोन मिलिमीटर आत नवी टीप मारा. गळा तेवढा मोठा होईल, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

कॉलरच्या बाहेरच्या गोल कडेला उलटं घडतं. तिथे माया जास्त होते आणि आत गोळा होऊन गाठी दिसतात. म्हणून नुसता काप नको. इंग्रजी 'व्ही'सारखे छोटे त्रिकोण काढून टाका, एकमेकांपासून सेंटिमीटरभर अंतरावर.

शेवटी माया पट्टीकडे वळवून पट्टीवर दाबटीप मारा आणि इस्त्री करा.