ब्युरोला फोन करण्याआधी: आईच्या चोवीस तासांच्या देखभालीचा हिशेब

आईला डाव्या बाजूचा पक्षाघात झाला तेव्हा ती ७८ वर्षांची होती. हॉस्पिटलमधून घरी सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुण्यातल्या तीन नर्सिंग ब्युरोंना फोन केले. तिघांनीही दर सांगितला, मी तो तीसने गुणला आणि भावाला कळवून टाकलं, "तीस हजारांत बसतंय." पहिल्याच महिन्यात खर्च दुपटीच्या जवळ गेला. आकडे चुकले नव्हते, मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी दर सांगत नाही, एक वही आणायला सांगते.

ती दोनशे पानी वही पलंगाच्या कडेला दोरीने बांधा, सोबत पेन. माणूस ठेवण्याआधी निदान तीन दिवस, शक्य असेल तर आठवडाभर, घरच्यांनीच सेवा करायची आणि प्रत्येक वेळी उठावं लागलं की वेळ लिहायची. आमच्या वहीतली एक रात्र अशी होती: ११.१० डायपर, १.४० कूस बदलली, ३.१५ पाणी मागितलं आणि कूस, ५.०० ओलं, चादर बदलली. दिवसाची नोंद केली नाहीत तरी चालेल, पण रात्रीची सोडू नका, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. रात्री एखाद्या वेळीच उठावं लागत असेल तर ब्युरोने पाठवलेली, घरात राहून सेवा करणारी एक मावशी पुरते. तीन-चार वेळा उठावं लागत असेल तर पुरत नाही. चोवीस तासांची मावशी म्हणजे चोवीस तास जागी राहणारी मावशी नव्हे. तिलाही सलग सहा-सात तास झोप हवी. ती मिळाली नाही की दहा-बारा दिवसांत "गावाला सासूबाई आजारी आहेत" असं सांगून ती जाते आणि ब्युरो नवीन पाठवतं. आमच्याकडे पहिल्या दीड महिन्यात चार जणी बदलल्या. आम्ही ब्युरोला नावं ठेवत होतो. खरं कारण वहीत लिहिलेलं होतं.

वही भरली की कामं दोन भागांत लिहून काढा. उठवणं, बसवणं, अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं ही मावशीची, किंवा पुरुष असेल तर मामांची, कामं. नाकातून पोटात जाणाऱ्या राइल्स ट्यूबमधून अन्न देणं, लघवीचा कॅथेटर बदलणं, घशातला कफ यंत्राने ओढणं म्हणजे सक्शन, इंजेक्शनं, खोल जखमेचं ड्रेसिंग ही शिकलेल्या नर्सची. नर्सचा दर मावशीच्या दीडपट ते दुप्पट असतो, म्हणून दुसऱ्या भागात दिवसाला एखादंच काम असेल तर पूर्ण पाळीची नर्स ठेवू नका. जवळच्या दवाखान्यातली सिस्टर भेटीच्या हिशेबाने घरी येते का, ते आधी विचारा. मात्र पैसे वाचवायला मावशीला ट्यूबमधून भरवायला लावू नका. अन्न श्वासनलिकेत गेलं तर पुन्हा आयसीयू, आणि तिथल्या एका दिवसाच्या बिलात नर्सचे कितीतरी दिवस निघतात.

मग ब्युरोला फोन. दराआधी हे विचारून घ्या: महिन्याचे पैसे आगाऊ का, नोंदणीचे किती, पगारी सुट्ट्या किती, सुट्टीत बदली कोण देणार आणि कोणत्या दराने, गौरी-गणपती आणि दिवाळीत दुप्पट दर लागतो का, बाई सोडून गेली तर किती तासांत दुसरी येईल आणि मधल्या दिवसांचे पैसे कापले जातील का. जेवण कुणाचं, हेही बोलून घ्या. घरातली भांडी आणि स्वयंपाक हे तिचं काम नाही, हे त्या सांगतीलच. ते बरोबरच आहे. आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी यांत भिडस्तपणा नको.

आता आमचाच हिशेब मांडते. दर शहरागणिक आणि पेठेगणिक बदलतात, पण रकाने हेच राहतील. सुरुवातीला रात्री चार वेळा उठावं लागत होतं, म्हणून आम्हाला खरं तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या हव्या होत्या. दिवसाचे ८०० आणि रात्रीचे ८५०, म्हणजे महिन्याला ४९,५०० फक्त माणसांचे. चार जणी बदलून झाल्यावर दोन महिने तसं केलं. त्या काळात हवेची गादी आली, रात्रीसाठी जास्त शोषणारा टेपचा डायपर लावू लागलो आणि फिजिओथेरपीमुळे आई उजव्या हाताने कठडा धरून थोडं सरकू लागली. रात्रीचं उठणं एक-दोनवर आल्याचं वहीत दिसलं, तेव्हाच पुन्हा राहून काम करणारी मावशी ठेवली. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलणं बंद करायचं नसतं. झोपण्यापूर्वी, मध्यरात्री एकदा आणि पहाटे ते होतंच, आणि मध्यरात्रीची पाळी माझी.

राहणाऱ्या मावशीचे दिवसाला १,००० म्हणजे ३०,००० झाले. दोन पगारी सुट्ट्यांना बदली बाई १,२०० ने, ते २,४००. मावशीचं जेवण आणि तीन वेळचा चहा साधारण ४,५००. दिवसाला तीन डायपर, एक अंडरपॅड, हातमोजे, ओले वाइप्स आणि मलम मिळून ५,०००. फिजिओथेरपिस्ट महिन्यात बारा वेळा, भेटीला ५००, म्हणजे ६,०००. उंच-खाली होणाऱ्या पलंगाचं भाडं २,०००. औषधं, रक्ततपासणी आणि डॉक्टरांची घरी भेट धरून ५,०००. बेरीज ५४,९००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीचे, कारण दर महिन्याला काहीतरी निघतंच, असे धरले की महिन्याला साधारण ६०,०००. ब्युरोने सांगितलेले तीस हजार यातले निम्मे आहेत. दुसऱ्या वर्षी मावशीचा दिवसाचा दर १०० ने वाढला, तेवढ्यानेच महिन्याला ३,००० वाढले. वाढ मागितली जाणारच, ती आधीच लिहून ठेवा.

पैसे उभे करताना क्रम असा ठेवा: आधी आईचे, मग मुलांचे, शेवटी घर. आईच्या पैशाला हात कसा लावायचा, असा भावाला संकोच होता. पण ते पैसे तिच्यासाठीच आहेत, ते वापरून मग आपण. आईला कुटुंब निवृत्तिवेतन २२,००० येतं. बाबांच्या मागे राहिलेल्या ३० लाखांच्या ठेवींपैकी २० लाख आम्ही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातले. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ४१,००० व्याज, म्हणजे महिन्याला साधारण १३,७००. या योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पण सगळे घालू नका. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज परत कापतात, दुसऱ्या वर्षात मुद्दलातून दीड टक्का जातो आणि त्यानंतर एक टक्का. उरलेले १० लाख हाताशी राहतील अशा लहान लहान मुदत ठेवींत आहेत. व्याज तिमाहीला येतं आणि मावशीचे पैसे महिन्याला लागतात, त्यामुळे तीन महिन्यांचा खर्च बचत खात्यात पडून असावा लागतो.

तर ६०,००० मधून ३५,७०० गेले, तूट २४,३००. ती नुसती १० लाखांतून भागवली तर पैसे साधारण ४१ महिने पुरतात. हा आकडा भावंडांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. "बघू पुढे" हे शब्द त्यानंतर ऐकू येत नाहीत. आमच्याकडे भाऊ आणि धाकटी बहीण दर महिन्याला आठ-आठ हजार देतात, उरलेले ठेवींतून जातात. मी रोख देत नाही, कारण रात्री दोनचा गजर माझ्या उशाशी असतो. हे ठरवताना वाद झाला, तोही मावशी येण्याआधी झाला हे बरं.

कशावर भिस्त ठेवायची नाही, हेही लिहून ठेवा. आरोग्य विम्यातून मावशीचे पैसे मिळत नाहीत. पॉलिसीत घरच्या घरी उपचारांचं कलम असलं तरी ते ज्या आजाराला एरवी दाखल व्हावं लागलं असतं त्याच्या उपचारांपुरतं असतं, रोजच्या देखभालीसाठी नसतं. सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मान कार्ड वर्षाला पाच लाखांचं असलं तरी तेही हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच चालतं. करात थोडी सूट मिळू शकते. जुन्या करप्रणालीत, १९६१च्या कायद्याच्या कलम ८०डीडीखाली, अवलंबून असलेल्या दिव्यांग आई-वडिलांसाठी ७५,००० आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० वजावट आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. आईला स्वतःचं निवृत्तिवेतन असताना ती मुख्यतः तुमच्यावर अवलंबून ठरते का, ते सीएला विचारून मगच हिशेबात धरा.

फ्लॅटवर रिव्हर्स मॉर्टगेज घेता येतं. २००७ पासून ते आहे, साठीपुढच्यांसाठी, स्वतःच्या नावावरच्या आणि स्वतः राहत्या घरावर, आणि बँक दरमहा रक्कम देते. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा कळलं की सोसायटीच्या भागदाखल्यावर अजून बाबांचंच नाव आहे. तुमच्याकडे तसं असेल तर नाव बदलण्याचा अर्ज आजच द्या, कर्ज घ्यायचं असो वा नसो.

खात्यांचं तर त्याहून घाईचं. पैसे आईचे असले आणि सही करता येत नसली तर सगळं अडतं. आमच्या आईचा उजवा हात वाचला, तरी सही जुळत नव्हती. अशा वेळी बँकेला अंगठ्यावर व्यवहार करता येतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच अधिकारी. त्याच दिवशी खातं संयुक्त करून घ्या. मुखत्यारपत्र केलं आहे म्हणून निश्चिंत राहू नका. देणाऱ्याची बुद्धी शाबूत असेपर्यंतच ते चालतं. डिमेन्शिया बळावला की कायद्याने संपतं, आणि मग पालकत्वासाठी कोर्टात जावं लागतं.

शेवटचं म्हणजे नोव्हेंबर. हयातीचा दाखला राहिला तर निवृत्तिवेतन थांबतं आणि त्याच महिन्यात मावशीचे पैसे अडतात. ऐंशी पूर्ण झालेल्या केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो. आईला सांगितल्या क्षणी पापण्या मिटता येत नव्हत्या, त्यामुळे फोनसमोर चेहऱ्याने काही जमेना. अंगठाही दोनदा उमटला नाही. मग मावशीने तिचा उजवा हात कोमट पाण्यात बुडवून पुसून कोरडा केला, आणि तिसऱ्यांदा यंत्राने घेतला.