रोज एक की आठवड्याला तीन? गच्चीवरच्या बागेच्या पेजचा माझा हिशेब

नाशिकला आमच्या गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत आणि त्यांच्यावर मी इन्स्टाग्रामवर एक मराठी पेज चालवते. नोकरी सांभाळून. नवीन पेज सुरू करणारे बहुतेकजण मला एकच विचारतात, की रोज छोटं काहीतरी टाकावं की आठवड्यातून तीनदा पण दमदार टाकावं? मी दोन्ही करून पाहिलंय. जानेवारी-फेब्रुवारीत सहा आठवडे रोज एक तीस सेकंदांचं रील टाकलं आणि मार्चपासून सहा आठवडे मंगळवार, गुरुवार, रविवार असे तीन मोठे व्हिडिओ.

आधी वेळेचं बोलू, कारण माझा सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच होता. छोटं रील म्हणजे थोडं काम, असं मला वाटायचं. एका आठवड्यात घड्याळ लावून बसले तेव्हा कळलं, की एका रीलला सरासरी पन्नास मिनिटं जातात आणि त्यातली पंचवीस विषयाशी संबंध नसलेल्या कामात. पसारा बाजूला सारायचा, स्टँड लावायचा, लेन्स पुसायची, ऊन सरकायच्या आत कुंडी हलवायची, मग कव्हर, मजकूर, हॅशटॅग, अपलोड. व्हिडिओ तीस सेकंदांचा असो की तीन मिनिटांचा, ही पंचवीस मिनिटं तेवढीच लागतात. म्हणजे रोजच्या सात पोस्टना आठवड्याला ३५० मिनिटं, त्यातली १७५ नुसत्या मांडामांडीत. तीच ३५० मिनिटं तीन पोस्टना दिली, तर मांडामांड ७५ मिनिटांत उरकते आणि खऱ्या कामाला २७५ मिनिटं मिळतात. शंभर मिनिटं जास्त, तीही कुठूनही उसनी न घेता. तुमचा आकडा वेगळा येईल. बोलून टाकायच्या पेजला मांडामांड पाच मिनिटांची असेल, तर हा सगळा युक्तिवाद ढासळतो. म्हणून पहिल्या आठवड्यात घड्याळ लावाच.

दुसरी गोष्ट झाडांनी शिकवली. कोथिंबीर पेरली, धणे रगडून, रात्रभर भिजवून. उगवायला आठ-दहा दिवस. या काळात रोज कॅमेऱ्याला दाखवायचं काय? माती. मग मी भरतीचे विषय काढायला लागले: चहाचा चोथा, केळीची साल, अंड्याची टरफलं. चौथ्या आठवड्यात एका ताईंनी खाली लिहिलं, ‘‘चहापत्तीचं मागच्या पंधरवड्यात सांगितलं होतंत ना?’’ सांगितलं होतं. मला आठवतही नव्हतं. पाहणाऱ्याला कंटाळा येतो तो रोज दिसण्याचा नव्हे, तर रोज तेच दिसण्याचा, हे मला तेव्हा समजलं. बाजारभाव, पंचांग किंवा हवामान देणाऱ्या पेजला रोज येण्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्यांची माहिती दुसऱ्या दिवशी शिळी होते. माझी कोथिंबीर मात्र सोमवारी होती तशीच मंगळवारी.

घाईचा खरा फटका सहाव्या आठवड्यात बसला. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला होता, म्हणून निंबोळी तेलाच्या फवारणीचं रील केलं. लिटरभर पाण्याला पाच मिली तेल आणि थोडा साबण, एवढं सांगून तीस सेकंद संपले. फवारणी ऊन उतरल्यावर करायची आणि आधी दोन-चार पानांवर करून बघायची, हे राहून गेलं. एका काकांनी भर दुपारी सगळ्या झाडांवर मारलं आणि पानं करपल्याचे फोटो पाठवले. चूक माझी होती. ते रील काढलं आणि मार्चात तोच विषय अडीच मिनिटांत, संध्याकाळच्या उजेडात, नीट केला.

आता प्रेक्षक कंटाळलेत हे ओळखायचं कसं? इथे नवखी माणसं हमखास फसतात. रोज टाकायला लागल्यावर प्रत्येक पोस्टची पोहोच कमी झाली, की ‘लोक वैतागले’ असं आपण धरून चालतो. पण तीच माणसं सात पोस्टमध्ये वाटली गेली, तर एकेका पोस्टचा आकडा उतरणारच. म्हणून तुलना पोस्टची नको, आठवड्याची करा. माझ्याकडे रोजच्या काळात एका पोस्टची पोहोच साधारण अकराशे होती, म्हणजे आठवड्याची बेरीज ७,७००. तीनच्या काळात एकेकीची तेवीसशे, बेरीज ६,९००. बेरजेत तोच माणूस अनेकदा मोजला जातो हे लक्षात ठेवा, पण एवढ्यावरून पाहिलं तर रोजचं थोडं सरसच ठरत होतं.

मी थांबले ती ‘सेव्ह’च्या आकड्याशी. बागेच्या पेजवर सेव्ह म्हणजे ‘रविवारी करून बघीन’. रोजच्या काळात आठवड्याला सगळे मिळून १४० च्या आसपास, तीनच्या काळात २६०. मार्चात ऊन तापतं, बागेचा उत्साह ओसरतो, तरीही. सोबत इनसाइट्समध्ये अनफॉलोचा आकडा दिसतो, तोही आठवड्याने लिहून ठेवा. एक गोष्ट मात्र तिथे दिसत नाही: कुणी तुम्हाला म्यूट केलं ते. पेज न सोडता गप्प केलेला माणूस फॉलोअरमध्ये मोजला जातो. त्याची चाहूल एवढीच लागते, की पोहोचीत फॉलोअरचा वाटा हळूहळू घटत जातो. माझा रोजच्या काळात पाचव्या आठवड्यापासून घटायला लागला होता.

आकडे कधी लिहायचे यालाही महत्त्व आहे. रील चार-पाच दिवसांनीसुद्धा नव्याने फिरायला लागतं, म्हणून मी प्रत्येक पोस्टचे आकडे टाकल्यापासून बरोबर सातव्या दिवशी वहीत उतरवते. दुसऱ्याच दिवशी बघून निर्णय घेतला असता, तर माझी जास्वंद नापास झाली असती. आणि सहा आठवड्यांखाली काही ठरवू नका. एखादं रील अचानक उडतं आणि सगळी सरासरी बिघडवतं. असं एखादं आलं तर ते बाजूला ठेवून बेरीज करा.

तीनवर आले, पण रोजची सवय पूर्ण मोडली नाही. सकाळी पाणी घालताना एखादं स्टोरीचं चित्र टाकते: उगवलेले कोंब, तुटलेली फांदी, भेंडीचं पहिलं फूल. स्टँड नाही, कव्हर नाही, चोवीस तासांत गायब. नसेल टाकायचं त्या दिवशी टाकत नाही. लोकांचे प्रश्नही तिथेच येतात आणि पुढच्या मोठ्या व्हिडिओचा विषय बऱ्याचदा त्यातूनच निघतो.

तीन दमदार पोस्टचा धोकाही सांगते. रोजच्यात एक दिवस चुकला तर कुणाला कळत नाही. तीनमधला एक चुकला की आठवड्याचा एक तृतीयांश गेला. आणि चांगलंच करायचं या नादात एकच व्हिडिओ चार दिवस कुरतडत बसायला होतं. मी मर्यादा घालून घेतली आहे: एका पोस्टला दोन तास, त्यापुढे जे असेल ते जाईल. शिवाय दोन व्हिडिओ कायम तयार ठेवते, इन्स्टाग्रामच्या वेळापत्रकात लावून. एप्रिलात मुलाला ताप आला तेव्हा ते दोन्ही गेले. ती शिल्लक परत भरायला मला तीन आठवडे लागले.