सुटीपर्यंत किती पेट्या होतील?

देवगडच्या आंबा पॅकिंग शेडमध्ये पेटीला ‘चारच मिनिटं’ सांगतात. ती फक्त फळं रचायची वेळ. रिकामी पेटी आणणं, आकार निवडणं, पेंढा घालणं, खिळे मारणं, नाव लिहून थप्पीला लावणं राहूनच जातं. म्हणून सलग दहा पेट्या घड्याळ लावून मोजा. समजा, 70 मिनिटं लागली, म्हणजे पेटीला सात. साडेतीनला बसलात, सहाला सुटी: 150 मिनिटं. चहा आणि शेवटच्या झाडलोटीची 20 वजा केली की 130, म्हणजे 18 पेट्या. पण माल मिसळ आकाराचा असेल तर निवडण्यातच वेळ जातो. पेटीला नऊ धरा, 14च होतील. पहिल्या तीन पेट्यांतच हा फरक कळतो. तेव्हाच टेम्पोवाल्याला खरा आकडा सांगा.