आधी नळ, मग बाकीचं! भाजणं, घास अडकणं आणि चक्कर यांत होणाऱ्या चुका

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत मी वर्षातून दोनदा पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून प्रथमोपचारावर बोलते. नोकरी नर्सची होती, त्यातली बरीच वर्षं जळीत वॉर्डात गेली. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हातावर उकळतं तेल सांडलं. सगळ्यात आधी काय कराल?" मागच्या रांगेतून उत्तरही ठरलेलंच येतं, "टूथपेस्ट." मग कोणी हळद म्हणतं, कोणी बर्फ. एका आजींनी शाई सांगितली होती. नळ म्हणणारा सहाव्या-सातव्या माणसानंतर कुठेतरी सापडतो.

म्हणून मी पायऱ्या तोंडपाठ करून घेते. मनातल्या मनात नाही, मोठ्याने, सगळ्यांनी मिळून. घाबरलेल्या माणसाला विचार करून काही आठवत नाही, पण आरती कशी आपोआप तोंडातून येते, तसं हे यायला हवं. भाजल्यावरचा क्रम असा: गॅस बंद. हात नळाखाली. बांगड्या-अंगठ्या काढा. वीस मिनिटं. झाकण. दवाखाना.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी माझ्या दोन बैठकांना बसल्या होत्या, तरी दिवाळीत चकल्या तळताना जे व्हायचं ते झालंच. कढईत झारा निसटला आणि तेल उजव्या मनगटापासून कोपराच्या अलीकडपर्यंत उडालं. त्यांनी हात नळाखाली धरला, पण दोन मिनिटंच. आग जरा कमी झाल्यासारखी वाटली म्हणून नळ बंद केला. सासूबाईंनी टूथपेस्ट थापली, त्यावर हळद भुरभुरली. भाऊजींनी स्कूटर काढली. खाली उतरताना त्यांना माझं दार दिसलं म्हणून बेल वाजवली, नाहीतर सरळ दवाखान्यातच गेले असते. तोवर पंधरा मिनिटं झाली होती.

हातात काचेच्या सहा बांगड्या आणि एक सोन्याची पाटली. मनगट इतकं सुजलं होतं की पाटली मांसात रुतायला लागली होती. साबण लावून ती निघेना. मी हात बेसिनच्या नळाखाली धरला, पेस्ट पाण्यानेच हळूहळू उतरू दिली आणि मोबाइलवर वीस मिनिटांचा टायमर लावला. भाऊजी दर दोन मिनिटांनी म्हणत होते, "झालं ना आता, चला ना." मी म्हटलं, "टायमर वाजू दे." पाटली शेवटी दवाखान्यात कापावीच लागली. तिथल्या डॉक्टरांना जखमेच्या घडीत राहिलेली पेस्ट आणि हळद पुसून काढावी लागली, तेव्हाच्या वहिनींच्या किंकाळ्या मी बाहेर बाकावर बसून ऐकल्या.

यात दोन चुका आहेत आणि दोन्ही उतावळेपणाच्या. पहिली म्हणजे नळ लवकर बंद करणं. तेल बाजूला झालं तरी चामडीत शिरलेली उष्णता आत आत जात राहते. वाहतं पाणी ती बाहेर ओढतं, आणि त्याला वेळ लागतो. वरची आग दोन मिनिटांत शमते, आतलं भाजणं शमलेलं नसतं. म्हणून वीस मिनिटं, आणि अंदाजाने नाही, घड्याळ लावून. उशीर झाला असला तरी पाणी सोडू नका. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो, म्हणूनच मी वहिनींना पंधरा मिनिटांनंतरही बेसिनपाशी उभं केलं.

दुसरी चूक दागिन्यांची. ते नळाखाली हात असतानाच, सूज यायच्या आधी काढायचे. नंतर साबण, तेल, दोरा काही चालत नाही. मात्र चामडीला चिकटलेला कपडा ओढू नका, त्याच्या भोवतीचा कापून घ्या.

टूथपेस्टबद्दल एवढंच सांगते की ती गार लागते, गार करत नाही. शिवाय जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. बर्फाने आधीच दुखावलेल्या चामडीचा रक्तपुरवठा आणखी आखडतो. तूप, कॉफी पावडर, बटाट्याची सालं यांच्यावर मी आता वादही घालत नाही.

आता नाशिकच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट, जी पुस्तकात नसते. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी आणि उन्हातल्या पाइपातलं पाणी नळातून चांगलंच कढत येतं. त्याखाली भाजलेला हात धरून वीस मिनिटं उभं राहिलात तर काय फायदा? नळ आधी सोडून द्या, दुसऱ्या हाताने तपासा, तोवर पिण्याच्या पाण्याची कळशी किंवा माठ धार धरून ओता. मिक्सरचा नळ असेल तर तो सोलरच्या बाजूला तर नाही ना, तेही बघा. घाईत कळ चुकीच्या बाजूला फिरवणारे मी पाहिलेत. आणि लेकरांच्या बादलीत सोलरचं पाणी आधी सोडून गार नंतर मिसळायची सवय आजच मोडा. आधी गार, मग गरम. सोलरचं पाणी साठ अंशांच्या पुढे असलं तर काही सेकंदांत खोलवर भाजतं, आणि लेकराची चामडी पातळ असते.

झाकणासाठी घरात पोळ्या गुंडाळायची पातळ पारदर्शक क्लिंग फिल्म असेल तर पहिला वेढा टाकून द्या, पुढचा तुकडा जखमेवर लांबीने नुसता ठेवा, आवळून गुंडाळू नका. नसेल तर धुतलेला सुती रुमाल. कापूस नको, तंतू चिकटतात. फोड फोडू नका. भाजलेला भाग त्या माणसाच्या स्वतःच्या बोटांसकट तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रियं भाजली असतील, वीज किंवा आम्ल असेल, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर घरी थांबायचं नाही. मोठं भाजलेलं असेल तर नळ चालू असतानाच कोणालातरी 108 लावायला सांगा. लहान मुलाच्या फक्त भाजलेल्या भागावर पाणी घाला, बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, नाहीतर पोर थंडीने गारठतं.

घास अडकण्याबद्दल दोन गोष्टी बोलते, कारण तिथे मिनिटं मोजायला वेळच नसतो.

आपल्याकडे ठसका लागला की "वर बघ, वर बघ" म्हणतात आणि डोक्यावर टपल्या मारतात. ठसका म्हणजे खोकला येतोय, आणि खोकला येतोय म्हणजे वारा जातोय. त्याला खोकू द्या, पाठ थोपटू नका, पाणी पाजू नका, फक्त जवळ राहा. पण जो आवाज न करता गळ्याशी हात नेतो, ज्याला बोलता येत नाही, ओठ निळसर होत आहेत, त्याचा घास खरोखर अडकलाय. म्हणून पहिली पायरी हा प्रश्नच आहे, "खोकता येतंय का?" मान नुसती हलली आणि आवाज नाही आला, तर दुसऱ्याला 108 लावायला सांगून स्वतः सुरू करा.

गेल्या फेब्रुवारीत, द्राक्षांच्या हंगामात, साडेतीन वर्षांच्या एका मुलीच्या घशात आख्खं द्राक्ष अडकलं. द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि लेकराच्या श्वासनळीला बुचासारखं बसणारं. बापाने तिचे पाय धरून उलटं लटकवलं. आई तोंडात बोट घालून काढायला गेली, त्यामुळे द्राक्ष आणखी आत सरकलं. मी पोचले तेव्हा मुलगी आवाज न करता तोंड उघडझाप करत होती.

मी तिला माझ्या हातावर पुढे वाकवली, तोंड खाली, आणि दोन खांद्याच्या हाडांच्या मधोमध तळव्याच्या टाचेने एकेक करून पाच फटके मारले. प्रत्येक फटक्यानंतर बघितलं, निघालं का. नाही निघालं. मग मी गुडघ्यावर बसले, मागून मिठी घातली, मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवली, दुसऱ्या हाताने धरून आत आणि वर ओढली. तिसऱ्या ओढीला द्राक्ष जमिनीवर पडलं. ती रडली, तेव्हा मी श्वास घेतला. पोटावर जोर दिला की आत इजा झाली नाही ना, हे बघायला नंतर डॉक्टरकडे जायचं, तसं त्यांना पाठवलंच.

क्रम म्हणा: वाकवा. पाठीवर पाच. पोटावर पाच. पुन्हा तेच. तोंडात बोट नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर कधीच नाही. हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. गरोदर बाई किंवा फारच जाड माणूस असेल तर तेही छातीवर. बेशुद्ध पडला तर जमिनीवर आडवं करा, छाती दाबायला सुरुवात करा, आणि तोंडात अडकलेलं दिसलं तरच काढा. आणि द्राक्ष पाच वर्षांखालच्या मुलाला आख्खं देऊ नका, लांबीने चार फोडी करा. फोडी करायला वेळ लागतो, असं मला कोणी सांगू नये.

चक्कर राहिली. इथे लोक एकच चूक करतात, पण न चुकता करतात. गणपतीच्या आरतीत किंवा 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला कोणी कोसळलं की दोघं बगलेत हात घालून खुर्चीवर बसवतात, तिसरी नाकाशी कांदा फोडते, चौथा तोंडावर पाणी मारतो आणि पाचवा तेच पाणी तोंडातही ओततो, म्हणजे बेशुद्धाचा घास अडकवायची सोयच. डोक्याला रक्त कमी पडलं म्हणून तो पडलाय, आडवं पडणं हाच त्याच्यावरचा इलाज आहे, आणि तुम्ही त्याला पुन्हा उभा ताणता.

म्हणा: आडवं. श्वास. पाय वर. घड्याळ. आधी दहा सेकंद छाती हलते का बघा. नीट हलत असेल तर पाय हातभर उंच करा, खुर्चीवर ठेवले तरी चालतील. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. गळ्यापासची बटणं सोडा, गर्दी हटवा. साधी चक्कर एक-दोन मिनिटांत उतरते. श्वास नसेल किंवा माशासारखे आचके देत असेल, तर ती चक्कर नाही. ताबडतोब 108, आणि छातीच्या मधोमध जोरात दाब, मिनिटाला 100 ते 120, मदत येईपर्यंत. शुद्ध आली नाही पण श्वास नीट आहे, तर कुशीवर वळवा, आणि तिथेही 108.

शुद्ध आली की लगेच उभं करायचं नाही. दहा मिनिटं आडवं, मग बसवा, मग उभं. मधुमेहाचा रुग्ण असेल तर साखरेचं पाणी पूर्ण शुद्धीत आल्यावरच, गिळता येतंय याची खात्री करून. छातीत दुखत होतं, चालता-चालता पडला, डोकं आपटलं, किंवा हे दुसऱ्यांदा झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर. कांदा घरी न्या, कोशिंबिरीला घ्या.