खाऱ्या हवेतल्या घरासाठी हत्यारांची पेटी: कोणता पाना, पक्कड आणि हातोडी कशासाठी

किनाऱ्यालगतच्या घरात नट-बोल्ट सोडवायचा म्हणजे आधी गंजाशी झुंजायचं. देवगड असो, गुहागर असो की श्रीवर्धन, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. ते लोखंडावर बसतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं. घाटावर पाच-सात वर्षांनीही सहज सुटणारा नट इथे दोन पावसाळ्यांत आवळून बसतो. अशा नटावर चुकीचं हत्यार लावलं की त्याचे कोपरे झिजतात, नट गोल होतो आणि मग योग्य पाना आणूनही त्याला पकड मिळत नाही. म्हणून इथल्या घरात हत्यारं थोडी असली तरी चालतात, पण कोणतं कुठे लावायचं हे नक्की ठाऊक असायला हवं.

यासाठी एकच काम धरून चालू. विहिरीवरचा छोटा मोनोब्लॉक पंप वाइंडिंगला न्यायचा आहे आणि तो जागेवरून काढायचा आहे. पाने, पकडी, हातोड्या या तिन्हींची परीक्षा या एका कामात होते.

आधी खरेदी

बाजारात पन्नास नगांचा तयार संच मिळतो. तो घेऊ नका. त्यातली निम्मी हत्यारं कधी लागत नाहीत आणि जी लागतात ती मऊ लोखंडाची निघतात. सुटी हत्यारं घ्या. रिंग पाने १०-११, १२-१३, १६-१७ आणि १८-१९ मापांचे. त्याच मापांचे फिक्स पाने. एक दहा इंची स्क्रू पाना आणि एक चौदा इंची पाइप पाना. पकडींमध्ये आठ इंची साधी पक्कड, एक नोज प्लायर आणि एक वॉटर पंप प्लायर. हातोड्यांमध्ये खिळे उपटायच्या नखाची अर्ध्या किलोची एक, मागच्या बाजूला गोल गोळा असलेली बॉल पेन एक आणि रबरी एक. जोडीला लोखंडी छिन्नी, हॅकसॉ, तारेचा ब्रश, टेस्टर, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि डोळ्यांना लावायचा चष्मा. एवढ्यात घर चालतं.

पान्यावरच्या आकड्यावरून बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. तो आकडा बोल्टच्या जाडीचा नसतो, नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा असतो. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० चा पाना लागतो, ८ च्या बोल्टला १३ चा, १० च्या बोल्टला १७ चा आणि १२ च्या बोल्टला १९ चा. काही नव्या बोल्टांवर १७ ऐवजी १६ आणि १९ ऐवजी १८ चा नट येतो, म्हणून लावून बघावा. पाना नटावर बसवल्यावर डावी-उजवीकडे डुगडुगला तर तो त्या नटाचा नव्हे.

पहिलं काम: वीज तोडा, वायर सोडवा

मेन स्विच बंद करा, टेस्टर लावून खात्री करा आणि मगच पंपाचं टर्मिनलचं झाकण उघडा. पॅनेलमध्ये कपॅसिटर असतो. वीज बंद केल्यावरही त्यात भार राहू शकतो, तेव्हा त्याच्या टोकांना हात लावू नका. वायरींवर खुणा करून ठेवा, कारण परत जोडताना स्मरणशक्ती दगा देते.

इथे नोज प्लायर कामाला येतो. त्याची चोच निमुळती असते, म्हणून अरुंद डब्यात वायरचं टोक धरता येतं आणि स्क्रूभोवती बसेल असा गोल आकडाही वळवता येतो. परत जोडताना आकडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळलेला ठेवा. स्क्रू आवळताना तो आतच ओढला जातो. उलटा वळवला तर आवळता आवळता वायर बाहेर सरकते. नोज प्लायरने नट फिरवायला गेलात तर चोच वाकडी होते आणि पुन्हा सरळ मिटत नाही.

साध्या पकडीची जागा वेगळी. तिच्या टोकाच्या सपाट दातांत पत्रा किंवा तार धरायची, मधल्या गोलसर खोबणीत सळई किंवा बारीक नळी धरायची आणि आतल्या धारेने तार तोडायची. नट सोडवायचं हे हत्यार नव्हे. पकडीचे जबडे कात्रीसारखे कोनात उघडतात, समांतर राहत नाहीत, त्यामुळे ते नटाच्या सपाट बाजूवर न बसता कोपऱ्यांवर चावतात. एकदा घसरली की कोपरा गेला. आणखी एक, मुठीवरचं रंगीत प्लास्टिक म्हणजे विजेपासून संरक्षण असं धरून चालू नका. ज्या पकडीवर १००० व्होल्टची खूण कोरलेली असते तिचीच तेवढी चाचणी झालेली असते.

दुसरं काम: पाइप वेगळा करा

पंपापासून वर जाणाऱ्या पाइपवर प्लास्टिकचं युनियन, म्हणजे नट फिरवून सुटणारा सांधा असेल तर वॉटर पंप प्लायर घ्या. त्याचा सांधा सरकवून जबडा लहान-मोठा करता येतो आणि मोठ्या गोल नटावरही जबडे बऱ्यापैकी समांतर राहतात. प्लास्टिकवर दात उमटू नयेत म्हणून मध्ये फडकं घाला.

जीआय पाइप असेल तर पाइप पाना. तो एकाच दिशेने पकडतो. ज्या बाजूला जबडा उघडा आहे त्या दिशेने ओढलं की दात पाइपात रुततात आणि जितकं ओढाल तितकी पकड वाढते. उलट दिशेने लावला तर नुसता घसरतो. दुसऱ्या पाइपला आधार द्यायला दुसरा पाइप पाना शेजाऱ्याकडून मागून आणा. एकाच पान्याने जोर केला तर खालचा सांधाही फिरतो आणि गळती तिथे सुरू होते. पाइप पाना चकचकीत नळावर कधी लावू नये, त्याच्या दातांच्या खुणा कायमच्या राहतात. त्या जागी स्क्रू पाना लावावा. स्क्रू पाना लावताना सरकणारा जबडा ज्या दिशेला पाना फिरवायचा त्या बाजूला ठेवा, म्हणजे खरा जोर न हलणाऱ्या जबड्यावर येतो. आणि पान्याचा फिरता आटा आवळून जबडा नटाला घट्ट टेकवा.

तिसरं काम: पायाचे बोल्ट

इथे घाई करू नये. पंपाचे बोल्ट काँक्रिटमध्ये रुतवलेले असतात. नट गेला तर दहा-वीस रुपयांत नवा मिळतो, पण बोल्ट तुटला तर पाया फोडावा लागतो. म्हणून हरायचंच झालं तर नटाने हरावं, बोल्टने नव्हे.

आदल्या दिवशी संध्याकाळी बोल्टच्या उघड्या आट्यांवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा. नटाच्या वर राहिलेल्या आट्यांत गंज राहिला तर तो नट वर येताना अडवतो. मग गंज सोडवणारा स्प्रे किंवा डिझेल नटाच्या वर-खाली सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा थोडं सोडून बॉल पेन हातोडीने नटाच्या सहाही बाजूंवर हलके ठोके द्या, समोरच्या बाजूला दुसरी जड हातोडी टेकवून धरून. या हादऱ्याने आट्यांमधला गंज फुटतो आणि तेल आत शिरतं. जोराचे घाव घालू नका, आटे दबतील.

आता रिंग पाना. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो आणि जोर आला की त्याची तोंडं किंचित फाकतात. रिंग पाना सहाही कोपऱ्यांवर बसतो, म्हणून गंजलेल्या नटाची पहिली हालचाल नेहमी त्यानेच करावी. आधी किंचित आवळायच्या दिशेने जोर द्या. गंजाचा थर बहुधा त्या झटक्यात तुटतो. मग सोडवायच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा थोडं मागे, पुन्हा तेल. पाना आपल्याकडे ओढा. ढकलताना सुटला तर बोटं काँक्रिटवर आदळतात. ढकलणं भागच असेल तर तळहात उघडा ठेवून ढकला.

हाताला जे जाणवतं त्याकडे लक्ष द्या. ‘कट्’ असा आवाज होऊन लाल भुकटी बाहेर आली तर नट सुटला. पाना फिरतोय, पण रबर पिळल्यासारखा मऊ लागतोय आणि नट वर सरकत नाही, तर बोल्ट पिळवटतोय. तिथेच थांबा. हॅकसॉने नटाच्या एका सपाट बाजूला बोल्टला समांतर उभी खाच पाडा, आटे लागायच्या जरा आधी थांबा आणि त्या खाचेत छिन्नी ठेवून बॉल पेनने ठोका. नट फाकतो आणि हाताने निघतो, बोल्ट शाबूत राहतो.

नट एकदा मोकळा फिरू लागला की फिक्स पाना घ्या. त्याचं तोंड दांड्याशी साधारण १५ अंशांनी तिरकं असतं. भिंतीला लागून जागा कमी असेल तर प्रत्येक खेपेला पाना उलटा करून लावा, थोड्या जागेतही नट पुढे सरकत राहतो.

हातोडीविषयी थोडं जास्त

छिन्नीवर नखाची हातोडी मारू नये, हे कोकणात कुणी सांगत नाही आणि डोळ्याला लागतं तेव्हाच कळतं. तिचं तोंड खिळ्यासाठी कडक केलेलं असतं. कडक लोखंड कडक लोखंडावर आपटलं की काठाची कपची उडू शकते. छिन्नी, पंच, रिव्हेट ही कामं बॉल पेनची. चष्मा तेव्हाही लावाच, आणि छिन्नीचं डोकं मारून मारून पसरलं असेल तर ते आधी घासून काढा. एक हातोडी दुसरीवर मारायची नाही, हेही त्याच कारणाने. नट हादरवताना मागे टेकवलेली हातोडी नटाला चिकटून धरायची असते, घाव तिच्यावर येता कामा नये.

नखाने खिळा उपटताना हातोडीच्या डोक्याखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे तरफ लांब होते आणि फळीवर खळगा पडत नाही. रबरी हातोडी फरशी बसवताना, किंवा पंप पायाला चिकटून बसला असेल तर त्याच्या बैठकीला आलटून पालटून दोन्ही बाजूंनी हलकेच ठोकायला. बीडाच्या पंपावर लोखंडी हातोडी मारली तर बैठकीचा कान तुटू शकतो. जांभ्याच्या चिऱ्यात खिळा थेट ठोकायला कुठलीच हातोडी उपयोगाची नाही. चिरा सच्छिद्र असतो, त्यात खिळा धरत नाही. ड्रिलने भोक पाडून प्लग बसवावा.

परत बसवताना आणि पेटी ठेवताना

नवा नट जस्ताचा मुलामा दिलेला घ्या, नवा वायसर घाला आणि आट्यांना ग्रीस लावून मग हातानेच चढवा. तीन-चार फेरे हाताने गेले नाहीत तर आटे तिरके बसलेत, काढून पुन्हा लावा. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट असेल तर ग्रीस चुकवू नका. हे दोन कोरडे आवळले की आटे एकमेकांत चिकटून जाम होतात. आवळून झाल्यावर वर राहिलेल्या आट्यांवरही ग्रीसचा थर द्या. पुढच्या वर्षी तोच भाग ब्रशने खरवडायचा असतो.

हत्यारांवरचा क्रोमचा थर कुठे खरचटला की तिथून गंज सुरू होतो. काम झालं की मशीन ऑइलचं फडकं सगळ्यांवरून फिरवा, पकडीच्या आणि स्क्रू पान्याच्या सांध्यात थेंब सोडा. पेटी जमिनीवर ठेवू नका, आणि ओली हत्यारं प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. जून ते सप्टेंबर दर पंधरा-वीस दिवसांनी एकदा पेटी उघडून पुसून घ्या.